पगाराची स्लिप, नर्सरीचं कोटेशन आणि माझे पाच दिवस

परवा आईने फोनवर विचारलं, "अगं पण तुझा सगळा पगार पाळणाघरातच जाणार असेल तर नोकरी कशाला करतेस?" मला राग आला. आणि राग यासाठी आला की आदल्याच रात्री मी आणि नवरा डायनिंग टेबलवर माझी सॅलरी स्लिप आणि नर्सरीचं कोटेशन शेजारी ठेवून हेच बघत बसलो होतो.

आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो, लेक जानेवारीत एक वर्षाची होईल. माझा पगार वर्षाला 32,000 पौंड, टॅक्स, नॅशनल इन्शुरन्स आणि पेन्शन कापून हातात महिन्याला साधारण 2,127 येतात. नर्सरीचं कोटेशन दिवसाला 80 पौंड, वर्षाचे 51 आठवडे, म्हणजे पाच दिवसांचे महिन्याला 1,700. ट्रेनचे 130 धरले की उरतात 297 पौंड. पूर्ण महिना ऑफिस करून!

आता सांगते मला काय बोचलं ते. सप्टेंबर 2025 पासून इंग्लंडमध्ये नऊ महिन्यांच्या पुढच्या बाळांना, दोघं पालक कमावते असतील तर, आठवड्याला 30 तास सरकारी खर्चाने मिळतात (वर्षातले 38 आठवडे). ऑफिसमधल्या मैत्रिणीचं बिल यामुळे निम्म्याच्याही खाली आलं. आमच्या दोघांच्या व्हिसावर मात्र "नो पब्लिक फंड्स" लिहिलंय, म्हणजे सरकारी मदत घेता येणार नाही, त्यामुळे ते 30 तास नाहीत, फीला सरकारी हातभार देणारी टॅक्स-फ्री चाइल्डकेअरही नाही. टॅक्स आम्ही दोघं त्यांच्याइतकाच भरतो, आणि वर व्हिसासोबत हेल्थ सरचार्ज वेगळा भरलाय. अटी वाचूनच आलो होतो हे खरं, पण कोटेशन हातात घेतल्यावर ती ओळ फार वेगळी वाचली जाते. लेक तीन वर्षांची झाल्यावर पुढच्या टर्मपासून 15 तास मिळतील, ते सगळ्यांना असतात, आमच्यासारख्यांनाही.

नर्सरीवाल्यांवर मात्र माझा राग नाही. इथे दोन वर्षांखालच्या तीन बाळांमागे एक बाई असावीच लागते, नियमच आहे. पुण्यात आमच्या सोसायटीतल्या काकूंकडे एका खोलीत बारा पोरं असायची, आम्हीही तिथेच वाढलो आणि छान वाढलो, पण तो खर्च आणि हा खर्च एकाच तराजूत नाही घालता येत. दोन वर्षांनंतर पाच मुलांमागे एक, तीननंतर आठांमागे एक, म्हणून फी हळूहळू उतरते. सगळ्यात महाग काळ आत्ताचाच.

मग नवऱ्याने एक गोष्ट काढली जी मी कधी अशी पाहिलीच नव्हती. तो म्हणाला, पाच दिवस की शून्य दिवस असंच का बघायचं, एकेक दिवस करून बघ ना. पहिल्या 12,570 पौंडांवर टॅक्स नाही आणि नॅशनल इन्शुरन्सही नाही, म्हणजे माझे पहिले दोन दिवस जवळजवळ अख्खे हातात येतात, कापाकापी नंतरच्या दिवसांची. तीन दिवस केले तर पगार 19,200, हातात 1,402, नर्सरीचे 1,020, ट्रेनचे 78, उरले 304. म्हणजे पाच दिवसांपेक्षा सात पौंड जास्तच! शेवटच्या दोन दिवसांचे 725 मिळतात आणि नर्सरी-ट्रेन मिळून 732 जातात.

पेन्शन धरली की चित्र थोडं बदलतं. माझे 5 टक्के आणि कंपनीचे 3 टक्के (ते सगळ्या पगारावर नसतात, 6,240 च्या वरच्या भागावर) मिळून पाच दिवसांचे महिन्याला 172 साठतात, तीन दिवसांचे 86. म्हणजे पाच दिवस एकूण 79 पौंडांनी पुढे, आणि त्यासाठी महिन्याला जवळजवळ नऊ दिवस लेकीपासून लांब. हे मला पटत नाही.

आणि नोकरी सोडलीच तर? माझ्या न वापरलेल्या करसवलतीचा थोडा भाग नवऱ्याला देता येतो, त्या मॅरेज अलाउन्सचे वर्षाला 252 वाचतील, बास. तीन दिवसांचे पेन्शन धरून महिन्याला 390 जातील ते वेगळेच, पण माझी खरी भीती परत येतानाची आहे. तीन वर्षांनी 35,000 ऐवजी 29,000 वर सुरुवात करावी लागली तर दर वर्षी हातातले चार हजारांच्या आसपास कमी, आणि ते महाग काळ संपल्यावरही चालूच राहणार. सरकारी पेन्शन पूर्ण मिळायला नॅशनल इन्शुरन्सची 35 वर्षं लागतात, तीन दिवसांच्या पगारावरही माझं वर्ष पूर्ण धरलं जातं, घरी बसले तर नाही. आणि हो आई, फी फक्त माझ्याच पगारातून का वजा करायची, लेक दोघांची आहे ना?

मी सोमवारी आठवड्याला तीनच दिवस काम करण्यासाठी लेखी अर्ज दिला. असा अर्ज करायचा हक्क इथे नोकरीच्या पहिल्या दिवसापासून असतो, कंपनीला दोन महिन्यांत उत्तर द्यावं लागतं, ठोस कारण असेल तर नाही म्हणू शकतात. मला मंगळवार, बुधवार, गुरुवार हवेत, कारण बँक हॉलिडे बहुतेक सोमवारी येतात आणि नर्सरी बंद असली तरी त्या दिवसाची फी घेतात. पण हेच तीन दिवस सगळ्यांना हवे असतात, बेबी रूममध्ये बुधवारची जागा मार्चपर्यंत नाही म्हणाले. वेटिंग लिस्टमध्ये नाव घातलंय.