दादांची वाटी : काळ्या मसाल्याच्या रश्शातलं वाफवलेलं अंडं

मागच्या नोंदीत दुधातल्या वाफवलेल्या अंड्यापर्यंत आलो होतो. पोत जमला होता, पण दादा, म्हणजे माझे वडील, दोन चमच्यांनंतर तोंड फिरवायचे. "आजाऱ्याचं जेवण आहे हे," म्हणायचे. ज्यांनी उभं आयुष्य भाकरी कुस्करून अंड्याचा झणझणीत रस्सा खाल्ला, त्यांना दुधाचा वास कशाला रुचेल? म्हणून यावेळी दुधाच्या जागी रस्साच घातला. गेले काही आठवडे याच एका वाटीवर काम चाललंय.

नेहमीचा अंड्याचा रस्सा त्यांना का चालत नाही, ते आधी सांगतो. गिळण्याची तपासणी करणाऱ्या थेरपिस्टताईंनी सांगितलं होतं, की पातळ रस आणि त्यात घट्ट तुकडे असा घास त्यांच्यासाठी सगळ्यात अवघड. तुकडा तोंडात घोळेपर्यंत रस आधीच घशात उतरतो आणि ठसका लागतो. उकडलेल्या अंड्याचा बलक कोरडा पडून टाळूला चिकटतो, भुर्जीचे कण तोंडभर पसरतात, ऑम्लेटची तांबूस कड चावावी लागते. हवा होता तो एकजीव, ओलसर, चमच्यावर बसणारा घास. वाफवलेलं अंडं तसं असतं, चांगल्या खरवसासारखं.

आता रस्सा. अर्धा चमचा तुपात दोन लसूण पाकळ्या आणि आल्याचा छोटा तुकडा ठेचून परततो, त्यावर अर्धा चमचा घरचा काळा मसाला. मसाला जळू न देता लगेच एक कप पाणी घालतो आणि मंद आचेवर सात-आठ मिनिटं उकळतो. वेगळं तिखट अजिबात नाही, कारण तिखटानेच खोकला सुटतो. वास मात्र भरपूर हवा. उतारवयात नाक आणि जीभ मंदावतात, शिवाय अंड्यात मिसळल्यावर चव निम्मी होते. त्यामुळे नुसता चाखल्यावर रस्सा जरा जास्तच मसालेदार वाटला पाहिजे. मग वरचा तवंग काढून टाकतो आणि रस्सा मलमलच्या फडक्यातून दोनदा गाळतो. काळ्या मसाल्यात भाजलेलं खोबरं आणि कांदा असतो. त्याचा चोथा साध्या गाळणीतून सुटतो आणि नेमका घशात खवखवतो.

एका वाटीचं माप असं: एक अंडं (टरफलाशिवाय साधारण 50 ग्रॅम), गाळलेला रस्सा 90 मिली, त्यात विरघळवलेली एक मोठा चमचा साय काढलेल्या दुधाची पावडर, चिमूटभर मीठ. अंड्यातून सहा ग्रॅम आणि पावडरीतून अडीच-तीन, अशी नऊ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं छोट्या वाटीत बसतात. पावडरीचा वास मसाल्यात लपतो. रस्सा 120 मिलीपर्यंत वाढवला तर पोत अधिक नाजूक होतो, पण दादांच्या हातातल्या चमच्यावर तो डगमगतो, म्हणून मी 90वरच थांबलो. प्रथिनं वाढवायला नुसता जास्तीचा पांढरा भाग घालूनही पाहिला. वाटी रबरासारखी लवचिक झाली, म्हणून तो मार्ग बंद केला.

मीठ फक्त चवीसाठी नाही. दुधातले आणि मिठातले क्षार अंड्याला धरायला मदत करतात. बिनमिठाच्या नुसत्या पाण्यात अंडं फेटून वाफवलं तर ते नीट धरत नाही.

रस्सा कोमट असताना अंड्यात ओततो, कारण उकळता ओतला तर अंडं तिथेच फुटतं. काट्याने हलक्या हाताने एकजीव करतो, फेस येऊ देत नाही. मग बारीक गाळणीतून गाळतो, म्हणजे बलकाला धरून असलेला पांढरा दोरा अडकतो. वाफवल्यावर तो घट्ट होतो आणि मऊ घासात अचानक लागतो. वर बुडबुडे राहिलेच तर चमच्याच्या टोकाने फोडतो.

खरी कसोटी आचेची आहे. अंड्याचा पांढरा भाग 62 अंशांच्या पुढे घट्ट होऊ लागतो, पण रश्शाने पातळ केलेलं मिश्रण धरायला 80च्या आसपास जावं लागतं. 85च्या पुढे प्रथिनं आवळतात आणि धरलेलं पाणी सोडून देतात. नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास असल्यामुळे आपल्याकडे पाणी 98 अंशांना उकळतं. म्हणजे भरपूर वाफेतली वाटी त्या रेषेच्या पुष्कळ वर जाणारच. म्हणून ढोकळ्याच्या भांड्यात पाणी उकळलं की गॅस अगदी बारीक करतो, वाटीवर ताटली झाकतो म्हणजे वाफेचे थेंब आत पडत नाहीत, आणि भांड्याच्या झाकणाखाली लाकडी चमचा आडवा ठेवून फट राखतो. मिश्रणाची खोली दोन बोटांपेक्षा कमी असेल तर दहा ते बारा मिनिटं पुरतात.

झालं की नाही ते तीन गोष्टींवरून कळतं. वाटी हलवली तर मधला भाग थरथरतो, पण लाटेसारखा वाहत नाही. मधोमध सुरीचं टोक घातलं तर ते स्वच्छ निघतं. माझ्याकडे टोचायचा थर्मामीटर आहे, त्यावर 80 ते 82 दिसलं की उतरवतो. मऊ म्हणजे कच्चं नव्हे, हे सगळ्यांनी लक्षात ठेवा. साल्मोनेलासाठी अंडं 71 अंशांपर्यंत तापणं सुरक्षित मानतात आणि ही वाटी ते सहज ओलांडते. अर्धकच्चा बलक असलेलं अंडं अशक्त म्हाताऱ्या माणसाला मी देणार नाही.

आच जास्त झाली की खूण लगेच दिसते: कडेला जाळी पडते, चमचा घातला की खड्ड्यात पाणी साचतं. चवीला ते वाईट नसतं, पण दादांच्या दृष्टीने तो पुन्हा पाणी आणि गोळा असा दुहेरी घास झाला. अशी वाटी मी स्वतः खातो, त्यांना दुसरी करतो. वाढण्याआधी पाच मिनिटं झाकून ठेवतो आणि चमचाभर घेऊन चमचा कलता करतो. घास आकार धरून राहिला, मग अख्खाच घसरला आणि चमच्यावर थोडासाच पापुद्रा उरला, तर वाटी वाढायची. गिळण्याच्या त्रासासाठी अन्नाच्या पातळ्या ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत मऊ वाटलेल्या अन्नाच्या चौथ्या पातळीला हीच चाचणी आहे. वर कोथिंबीर घालायचा मोह मी टाळतो. ओलं पान टाळूला चिकटतं.

वाटी कोमट झाली की दादांना खुर्चीत ताठ बसवतो, छोटा चमचा देतो आणि एक घास उतरल्याशिवाय दुसरा नाही. जेवल्यावर अर्धा तास आडवं होऊ देत नाही. खाताना खोकला आला किंवा आवाज ओला, घरघरता झाला तर तिथेच थांबायचं आणि थेरपिस्टना कळवायचं. पोत कितीही चांगला असला तरी कुणाला कुठली पातळी चालेल ते त्यांनीच ठरवायचं असतं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनांचं माप आधी डॉक्टरांना विचारा.

आत्ताची स्थिती: सकाळी अर्धी वाटी आणि चारच्या सुमाराला उरलेली अर्धी, असं बसलंय. पूर्ण वाटी एकदम ठेवली की ते बघूनच कंटाळतात. वाफवलेली वाटी पुन्हा गरम केली तर पाणी सोडते, त्यामुळे मिश्रण दोन छोट्या वाट्यांत विभागतो, दुसरी झाकून फ्रिजमध्ये ठेवतो आणि त्याच दुपारी ताजी वाफवतो. गार मिश्रणाला दोन-तीन मिनिटं जास्त लागतात. परवा त्यांनी विचारलं, "मसाला आपलाच ना?" आणि वाटी संपवली.

पुढची वाटी गोड करणार आहे, दूध, साखर आणि जायफळ घालून. साखरेमुळे अंडं धरायचं तापमान आणखी वर सरकतं, म्हणून वेळ वाढवावी लागेल. पहिल्या वाटीला पंधरा मिनिटांपासून सुरुवात करतो. कुणी कमी साखरेत केलं असेल तर माप आणि वाटीची खोली दोन्ही लिहा.