संक्रांतीपर्यंत

५ ऑक्टोबर

आज वेताळ टेकडीवर विचारून टाकलं. तिसरीच भेट. सईला फोनवर सांगितलं तर ती ओरडलीच, "तिसऱ्या भेटीत लग्न? अगं पळून जाईल तो!" पळाला तर पळाला, असं मी म्हटलं खरं, पण फोन ठेवल्यावर पोटात गोळा आला होता.

मुद्दाम चालताना विचारलं. समोरासमोर बसलं की माणूस उत्तर शोधायच्या आधी आपला चेहरा वाचतो. चालताना दोघांची नजर वाटेवर असते आणि गप्प राहिलं तरी अवघडत नाही. वाक्य मी दोन दिवस घोळवत होते. "मला लग्न करायचंय. तुझ्याशीच, असं नाही म्हणत, आपण अजून एकमेकांना ओळखतही नाही. पण येत्या दीड-दोन वर्षांत करायचंय, आणि मी भेटतेय ती तेवढ्यासाठी. तुझं काय चाललंय मनात, ते आत्ताच कळलं तर बरं."

तो थर्मासमधून चहा ओतत होता. झाकण पुन्हा लावलं, पुन्हा काढलं. मग म्हणाला, "मला माहीत नाही. म्हणजे खरंच माहीत नाही. टाळतोय असं समजू नकोस."

मी म्हटलं, "बरं." आणि आम्ही उरलेली टेकडी उतरलो. चहा त्याने शेवटी कपात ओतलाच नाही.

६ ऑक्टोबर

रात्रभर एकच विचार, की हे जरा लवकर झालं का.

पण उशिरा विचारण्याचा अनुभव आहे मला. मागच्या वेळी अडीच वर्षं विचारलंच नव्हतं. नातं छान चाललं होतं, उगाच कशाला विषय काढायचा, असं वाटायचं. दरम्यान फ्लॅटचं डिपॉझिट निम्मं-निम्मं झालं, फ्रिज दोघांत आला, त्याच्या बहिणीच्या डोहाळजेवणाला मी ओटी भरली. मग एकदा विचारलं तर उत्तर आलं, "बघू ना, काय घाई आहे." त्या "बघू ना"वर आणखी आठ महिने गेले. वाईट माणूस नव्हता तो. विचारलंच नाही तर तो तरी कशाला सांगेल?

गंमत म्हणजे मी हे वर्गात शिकवते. डेन्व्हर विद्यापीठातल्या स्कॉट स्टॅन्ले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली एकत्र राहणाऱ्या जोडप्यांबद्दल हेच मांडलं होतं, की बरीच जोडपी ठरवून पुढे जात नाहीत, नुसती घसरत जातात. सामान, खर्च, ओळखीपाळखी एकत्र होत जातात आणि बाहेर पडणं महाग होत जातं. मग नातं टिकतं ते कधी कधी फक्त त्या महागाईमुळे. हे मुलांना फळ्यावर आकृती काढून समजावलंय मी. तेव्हा घरी तो फ्रिज होता.

तिसऱ्या भेटीत विचारायचा फायदा एवढाच, की अजून काही महाग झालेलं नाही. "नाही" आलं असतं तर फार तर एक रविवार वाईट गेला असता.

११ ऑक्टोबर

आत्याचा फोन. नाशिकचं स्थळ आहे, मुलगा बँकेत, बायोडाटा पाठवते म्हणाली. मी हं हं केलं.

आत्याच्या पद्धतीला आपण हसतो, पण तिथे एक सोय आहे. कांदेपोहे झाले की मुलाकडचे म्हणतात, "कळवतो." आठ-दहा दिवसांत फोन आला नाही की नाही समजायचं. कोणी कोणाला तोंडावर नकार देत नाही, कोणी ताटकळत राहत नाही, मध्यस्थ दोन्हीकडची लाज सांभाळतो. लग्न करायचंय की नाही, हा प्रश्न तर पोहे यायच्या आधीच मिटलेला असतो. आमच्याकडे सगळं उलटं, आधी माणूस आवडतो, मग प्रश्न. आणि "कळवतो"ची मुदत कोणालाच माहीत नाही.

तेव्हा मुदत आपणच घालावी लागणार.

१२ ऑक्टोबर

भेटलो. या वेळी विषय त्याने काढला, हे मला आवडलं. आठवडाभर तो त्यावर विचार करत होता, निदान विसरला तरी नव्हता.

"माहीत नाही" हे एकच उत्तर नाही, हे आज नीट लक्षात आलं. मी सरळ विचारलं, "काय माहीत नाही? लग्नच करायचं की नाही ते? की करायचंय, पण माझ्याशी की नाही ते कळायला वेळ हवा? की दोन्ही ठीक, पण घरचं काही अडतंय?" दुसरं उत्तर असतं तर मला काहीच वावगं वाटलं नसतं. चार भेटींत कोणाला कळतं? मलाही कळलेलं नाही. तिसरं असतं तर ते मांडून ठेवून त्याच्याशी झटता आलं असतं. पहिलं मात्र अवघड, कारण तिथे मी कितीही चांगली वागले तरी काही उपयोग नाही. तो प्रश्न माझ्याबद्दलचा नसतोच.

त्याचं पहिलंच निघालं. मोठ्या भावाचा घटस्फोट. चार वर्षं कोर्टाच्या तारखा, इचलकरंजीत आई एकटी, आणि प्रत्येक तारखेला हा सुट्टी टाकून भावाबरोबर. "लग्न म्हटलं की मला ते कोर्टाचं बाकडं दिसतं," म्हणाला. एवढं बोलून बराच वेळ बुटाची नाडी सोडून बांधत बसला.

मग मीच म्हटलं, संक्रांतीपर्यंत. तीन महिने. तोवर नियमित भेटायचं, आणि १४ जानेवारीला तू फक्त एकच सांगायचं, लग्न या गोष्टीकडे तू तोंड करून उभा आहेस की पाठ करून. माझ्याशी की नाही, ते तेव्हाही नाही सांगितलंस तरी चालेल. तो म्हणाला, "आणि नाही कळलं तर?" मी म्हटलं, "तर मी समजेन की पाठ आहे." कठोर वाटलं बोलताना. पण हे त्या दिवशी सांगण्यापेक्षा आज सांगणं जास्त बरं.

२ नोव्हेंबर

आत्याला कळवलं, संक्रांतीपर्यंत स्थळं नकोत. त्याला हे सांगितलेलं नाही. सांगितलं की ते उपकारासारखं त्याच्या डोक्यावर बसेल, "बघ, मी तुझ्यासाठी थांबलेय." थांबायचं मी ठरवलंय, बिल त्याच्या नावावर कशाला?

९ नोव्हेंबर

माझंच चुकतंय काहीतरी. गेले चार आठवडे मी कमालीची गोड वागतेय. तो पाऊण तास उशिरा आला, मी हसून म्हटलं, "अरे ट्रॅफिक असतोच." एरवी मी पंधरा मिनिटांना तोंड फुगवते. मुदत घातली आणि मग स्वतःच परीक्षेला बसले.

विलर्ड वॉलर नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९३८ साली लिहून ठेवलंय, की नात्यात ज्याला कमी गरज असते त्याच्या हातात दोर असतो. ज्याला जास्त हवं असतं तो जुळवून घेतो, गप्प बसतो, वाट बघतो. दरवर्षी जुलैत हे शिकवताना मुली एकमेकींकडे बघून हसतात. मला वाटलं होतं, आधीच विचारून टाकलं की दोर सारखा होतो. नाही होत. विचारल्यामुळे मला कळलं फक्त, की दोर कुणाकडे आहे. आणि त्याचा दुसरा तोटा असा, की जानेवारीत तो "हो" म्हणाला तर ते कुणाला म्हणेल? उशिराला हसणाऱ्या या बाईला, जी मी नाहीच.

आज रात्री फोन करून सांगितलं, पाऊण तास उशीर मला चालत नाही, मागच्या वेळी राग आला होता. तो म्हणाला, "मला वाटलंच. तू फार शहाण्यासारखी वागत होतीस." मग आम्ही सणसणीत भांडलो, वीस मिनिटं, पार्किंगवरून सुरू होऊन त्याच्या फोन न उचलण्यापर्यंत. फोन ठेवला तेव्हा हलकं वाटत होतं.

७ डिसेंबर

अनिश्चित माणूस आणि वेळ काढणारा माणूस बाहेरून सारखेच दिसतात. दोघंही "माहीत नाही" म्हणतात. फरक मला आता असा दिसतो, की खरोखर अनिश्चित असणाऱ्याचं "माहीत नाही" जागा बदलत राहतं. मागच्याचं आठ महिने तसंच होतं, शब्दही तेच. याचं ऑक्टोबरात कोर्टाचं बाकडं होतं. नोव्हेंबरात भावाशी बोलला, पहिल्यांदाच, तारखांबद्दल नाही तर लग्नाबद्दल. भाऊ म्हणाला म्हणे, "लग्न वाईट नव्हतं रे, आम्ही दोन वर्षं एकमेकांशी बोलतच नव्हतो, ते वाईट होतं." आणि आज म्हणतो, मला आईची काळजी आहे. ती इचलकरंजी सोडणार नाही, मी चाकणची नोकरी सोडू शकत नाही, आणि येणारीने हे गृहीत धरावं असं मला म्हणवत नाही.

बाकड्यावरून इचलकरंजीपर्यंत आलाय. हे "हो" नव्हे, मला ठाऊक आहे. पण इचलकरंजीबद्दल निदान बोलता येतं, महिन्यातून किती वेळा जायचं, आजारपणात कोण थांबणार. बाकड्याबद्दल काय बोलणार होते मी?

१० जानेवारी

चार दिवस आधीच बोलला. जेवून उठलो होतो, मी बेसिनपाशी, मागून म्हणाला, "तोंड करून."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि नळ तसाच चालू राहिला.

"तुझ्याशी की नाही ते अजून..." तो म्हणाला. "मलाही अजून नाही," मी म्हटलं, आणि हे खरं होतं. तिळगुळाच्या फोटोसारखा प्रसंग नव्हता हा. आम्ही दोघंही थोडे घाबरलेले होतो. पुढची मुदत काय घालायची यावर पुन्हा वाद झाला. तो म्हणतो दिवाळी, मी म्हणते जून.

१७ जानेवारी

उद्या इचलकरंजीला जायचंय. मी विचारलं होतं, आईला काय सांगून नेणार, मैत्रीण? तो म्हणाला, "जे आहे तेच. लग्नाचं बघतोय, अजून ठरलेलं नाही." त्याच्या आईला हे वाक्य झेपेल का, माहीत नाही. आत्याला तर मुळीच झेपणार नाही.

स्वारगेटहून सकाळची गाडी. साडी न्यावी की सलवार-कमीज यावर सईबरोबर अर्धा तास घालवला. शेवटी दोन्ही भरलेत.