‘६ पुरुष किंवा ९ स्त्रिया’: गणिताचा एक धडा तपासताना

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर मी सहावी ते आठवीला गणित शिकवते. आमच्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत एक काम वाटून दिलं होतं. प्रत्येकाने आपल्या विषयाचा एक धडा घ्यायचा, त्यात मुलगा-मुलगी, बाई-माणूस यांच्याबद्दल काय गृहीत धरलंय ते तपासायचं आणि बदल सुचवायचे. भाषेच्या आणि परिसर अभ्यासाच्या शिक्षकांना काम सरळ होतं, त्यांच्याकडे गोष्टी आणि चित्रं असतात. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात आई-बाबा दोघं मिळून भाजी निवडतात असं चित्र आलं, तेव्हा त्याची चर्चाही झाली होती. गणितात काय सापडणार, असं बहुतेकांना वाटत होतं. मी मुद्दाम गणितच घेतलं. जादा तासाला वापरतो त्या एका खासगी प्रकाशनाच्या पुस्तकातला, आठवीच्या शाब्दिक उदाहरणांचा धडा: शेकडेवारी, नफा-तोटा, काळ-काम. चित्र एकही नाही, उदाहरणं ३०.

नुसतं वाचून ‘यात पुरुषच जास्त आहेत’ म्हणून भागत नाही. कोणीही म्हणेल, तुम्हाला तसं वाटतं. म्हणून आधी तक्ता आखला. प्रत्येक उदाहरणातली प्रत्येक व्यक्ती किंवा गट एका ओळीत लिहायचा. पुढे रकाने: बाई की माणूस, नाव आहे का, काम काय करते, घरात की बाहेर, आणि पैशाशी संबंध काय, म्हणजे कमावते, खर्च करते की कोणाकडून घेते. शेजारच्या वर्गाचे सर तयार झाले, त्यांनाही कोरा तक्ता दिला. दोघांनी वेगवेगळं भरायचं आणि मग जुळवायचं, एकमेकांचं आधी बघायचं नाही.

पहिली अडचण ‘शेतकऱ्याने’ पाशी आली. ‘एका शेतकऱ्याने १२ क्विंटल सोयाबीन विकले.’ हा माणूस की बाई? वाक्यावरून काहीच कळत नाही. दुकानदाराने, व्यापाऱ्याने, मजुराने, सगळीकडे तेच. सरांनी ते सगळे पुरुषांत धरले होते, मी एकही धरला नव्हता. शेवटी ‘अनिश्चित’ असा तिसरा गट केला आणि तो शेवटपर्यंत वेगळाच ठेवला. त्याला पुरुषांत ढकललं असतं तर आकडा फुगला असता आणि परिषदेत कोणीही तो खोडून काढला असता.

पण मुलं त्या शेतकऱ्याला काय समजतात, हे बघणं शक्य होतं. आठवीच्या वर्गात तेच उदाहरण फळ्यावर लिहिलं आणि सोडवण्याआधी चिठ्ठीवर त्या शेतकऱ्याला नाव द्यायला सांगितलं. गजानन, विठ्ठल, सुरेश, पुन्हा गजानन. मुलींनीही तेच लिहिलं. एका चिठ्ठीवर मात्र एका बाईचं नाव होतं. ती मुलगी म्हणाली, “मॅडम, माही मायच नेते ना सोयाबीन मार्केटात.” तिचे वडील नाहीत. वावर आईच बघते, काट्यावर माप झालं की पावती तीच घेते. अशा बाया आमच्या भागात गावोगाव आहेत. निंदण, वेचणी, सोंगणी तर बहुतेक बायांच्याच हातची. तरी त्या वर्गात शेतकरी म्हटलं की एक मुलगी सोडून कोणालाही बाई दिसली नाही. यात पुस्तकाचा वाटा नेमका किती, हे या चाचणीतून सांगता येत नाही आणि मी तसा दावाही केला नाही. पुस्तक ते चित्र मोडायला काही मदत करत नाही, एवढंच म्हणता येतं.

तक्ते जुळवल्यावर एकूण ३८ नोंदी निघाल्या: २१ पुरुष, ८ स्त्रिया, ९ अनिश्चित. नुसती संख्या ही या कामातली सगळ्यात वरवरची गोष्ट आहे, खरी माहिती पुढच्या रकान्यांत निघते. २१ पुरुषांपैकी १७ जण काही विकत होते, कमावत होते, गुंतवत होते. ८ स्त्रियांपैकी तिघी खरेदी करत होत्या, दोघी स्वयंपाकाचं माप काढत होत्या आणि एक नवऱ्याकडून घरखर्चाला पैसे घेत होती. कमावण्याची नोंद फक्त दोनच ठिकाणी, आणि त्या दोन्ही नोंदी काळ-कामाच्या उदाहरणांतल्या मजूर स्त्रियांच्या गटांच्या. म्हणजे ज्या बायांना नाव होतं त्यांच्याकडे कमाई नव्हती, आणि ज्या कमावत होत्या त्यांना नाव नव्हतं. हे नुसतं वाचून माझ्या लक्षात आलं नसतं, दोन रकाने शेजारी आले म्हणून दिसलं.

त्या दोनपैकी एका उदाहरणावर मी सगळ्यात जास्त वेळ दिला. ‘६ पुरुष किंवा ९ स्त्रिया एक काम १२ दिवसांत पूर्ण करतात. तर ४ पुरुष व ६ स्त्रिया मिळून तेच काम किती दिवसांत करतील?’ स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांत हा नमुना पिढ्यान्पिढ्या चालत आलाय. मुलं पहिली पायरी अशी लिहितात: ६ पुरुष = ९ स्त्रिया, म्हणून १ पुरुष = दीड स्त्री. मग ४ पुरुष म्हणजे ६ स्त्रिया, एकूण १२ स्त्रिया, ९ × १२ ÷ १२, उत्तर ९ दिवस. गणित बरोबर आहे. पण ‘१ पुरुष = दीड स्त्री’ हे मुलगी स्वतःच्या हाताने वहीत लिहिते आणि त्याला बरोबरची खूण मिळते.

आमच्याकडे निंदणाला बाईला दिवसाचे २०० रुपये मिळतात, फवारणीला माणसाला ३००. गुणोत्तर तेच, दीड. मजुरीतला फरक जणू गणितानेच सिद्ध करून दिला.

सरांनी आक्षेप घेतला, आणि तो प्रामाणिक होता. “पण मॅडम, माणूस जड काम जास्त करतेच ना?” मी विचारलं, कोणतं काम? उदाहरणात ते लिहिलेलंच नाही. पोती उचलायची असतील तर त्यांचं म्हणणं एक वेळ बरोबर. कापूस वेचायचा असेल तर सरावाची बाई बहुतेक माणसांना मागे टाकते, हे त्यांनाही ठाऊक होतं. कामाला नाव नसलं की गुणोत्तर त्या कामाचं राहत नाही, ते बाईच्या अंगाला चिकटतं. दोष नेमका इथे आहे, आणि आक्षेपाच्या रकान्यात मी हेच शब्द लिहिले.

आता बदल काय सुचवायचा? नावं उलटी करणं, ‘६ स्त्रिया किंवा ९ पुरुष’, यातून काहीच साधत नाही, तोच दोष फिरून येतो. उदाहरण काढून टाकलं तर मुलांचा एक प्रकार बुडतो. कमी-जास्त क्षमतेचे दोन घटक समान पातळीवर आणणं त्यांना शिकायचंच आहे. म्हणून असं काही हवं होतं ज्यात दीडपटीला खरं कारण आहे. शिलाई मशीन सुचली होती, विजेवरची आणि पायाची, पण बाई म्हणजे शिवणकाम ही वाट मला नको होती. मग मोटारी घेतल्या. शेतात पाच आणि साडेसात अश्वशक्तीच्या मोटारी मुलांनी बघितलेल्या असतात, आणि ७.५ भागिले ५ म्हणजे नेमकं दीड.

‘गाळ काढण्यासाठी गावतलाव रिकामा करायचा आहे. साडेसात अश्वशक्तीच्या ६ मोटारी किंवा पाच अश्वशक्तीच्या ९ मोटारी तो १२ तासांत उपसतात. सरपंच वंदनाताईंनी पहिल्या प्रकारच्या ४ व दुसऱ्या प्रकारच्या ६ मोटारी लावल्या. तलाव किती तासांत रिकामा होईल?’ उत्तर ९ तासच. आकडे, पायऱ्या, काठिण्य काहीही हललं नाही. बदल सुचवताना ही खबरदारी घ्यावीच लागते, नाहीतर ‘तुमच्या विचारापायी गणित सोपं केलं’ असं लगेच ऐकावं लागतं.

घरखर्चाच्या उदाहरणावर आमच्या दोघांच्या नोंदी जुळल्या नव्हत्या. ‘वडिलांनी आईला घरखर्चासाठी ६००० रुपये दिले. तिने ४०% किराण्यावर, २५% शिक्षणावर खर्च केले. शिल्लक किती?’ मी ‘पैसे घेणारी’ लिहिलं, सरांनी ‘निर्णय घेणारी’. दोन्ही खरं होतं, रकानाच अपुरा होता. तो फोडून ‘पैसा कोणाचा’ आणि ‘ठरवतं कोण’ असे दोन केले. सुधारित उदाहरण असं: ‘या महिन्यात आईच्या वेचणीचे ३६०० आणि वडिलांच्या मजुरीचे २४०० रुपये घरात आले. दोघांनी बसून ठरवले: ४०% किराणा, २५% शिक्षण. शिल्लक किती?’ एक बेरीज वाढली, उत्तर २१०० च. किलोला १० रुपये दराने ३६०० म्हणजे ३६० किलो कापूस. वेचणीच्या भर हंगामात महिन्याला एवढी वेचणी आरामात होते, म्हणून आकडा मुलांना खोटा वाटत नाही.

एका गोष्टीवर परिषदेत बरीच चर्चा झाली. मजुरीतला फरक गावात आहे, तर पुस्तकात तो दाखवायचा की नाही? सगळीकडे समान मजुरी लिहिली तर मुलं म्हणतील, असं कुठे असते. माझं मत असं की फरक दाखवावा, पण प्रश्न त्या फरकावरच विचारावा. ‘निंदणाला दिवसाचे २००, फवारणीला ३००, तास सारखेच. निंदणाचा दर फवारणीपेक्षा किती टक्के कमी आहे? तो फवारणीइतका करायला किती टक्के वाढवावा लागेल?’ पहिलं उत्तर ३३ १/३ टक्के, दुसरं ५० टक्के. पाया बदलला की टक्केवारी बदलते, हा शेकडेवारीतला सगळ्यात चुकणारा मुद्दा इथे आपोआप येतो. वर्गात एका मुलाने विचारलं की फवारणी विषारी असते म्हणून जास्त देत असतील. रास्त शंका आहे. समान वेतनाचा १९७६ चा कायदा सारख्या किंवा सारख्या स्वरूपाच्या कामापुरताच बोलत होता, आणि कामं आधीच बायांची आणि माणसांची अशी वाटलेली असली की दर वेगळे ठेवायला वाट मिळते. रोजगार हमीच्या कामावर मात्र बाई-माणसाला दर एकच असतो, हे मुलांना घरून माहीत होतं. तास संपला तरी बोलणं चालूच होतं.

प्रकाशकाला तीन रकान्यांचा कागद पाठवला: मूळ उदाहरण, आक्षेप एका वाक्यात, आणि उत्तरासकट बदल. मोटारीचं उदाहरण पुढच्या आवृत्तीत घेऊ असं त्यांनी कळवलं, बाकीच्यांवर काही उत्तर नाही. तोवर केंद्रातल्या शाळांत आम्ही त्या पानांवर छापील पट्ट्या चिकटवतो.

इतिहासाच्या मॅडमनी हाच तक्ता मागून घेतला आणि तो त्यांना अर्धाच उपयोगी पडला. गणितातला गजानन वंदना होऊ शकतो, इतिहासातली माणसं बदलता येत नाहीत. तिथे धड्यात कोण आलंच नाही, याचा वेगळा रकाना लागतो. तो कसा भरायचा, यावर आम्ही दोघी सध्या बसतो आहोत.