सुविचाराच्या खाली कुणाचं नाव?

शेवटचं वर्ष आलं की मुलांना एकाएकी सुविचारांची भूक लागते. एरवी फळ्यावरच्या सुविचाराकडे ढुंकूनही न बघणारी मंडळी इयरबुकचं एक अख्खं पान 'प्रामाणिकपणा आणि धैर्य' यांना देऊन टाकतात आणि मग त्यात काय भरायचं यावरून घसा बसेपर्यंत भांडतात. यंदा त्या पानाची प्रुफं माझ्याकडे आली. शुद्धलेखन तेवढं बघा, असं सांगितलं होतं. पण मला खोड अशी, की अवतरणचिन्ह दिसलं की त्याचा पत्ता विचारल्याशिवाय राहवत नाही.

पानाच्या माथ्यावर ठळक टायपात शेक्सपिअर. 'स्वतःशी खरा राहा. मग दिवसामागून रात्र यावी तसं ओघानंच होईल, तू कुणाशीच खोटं वागू शकणार नाहीस.' वाक्य झकास आहे आणि 'हॅम्लेट'मधलंच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण नाटकात ते म्हणतं कोण? पोलोनियस. मुलगा फ्रान्सला निघालाय आणि हा दरबारी बाप त्याला उपदेशाचे डोस पाजतोय. हे झालं पहिल्या अंकात. दुसरा अंक उघडतो तेव्हा हाच बाप आपल्या माणसाला मुलामागे पॅरिसला धाडत असतो, पाळत ठेवायला. वर त्याला शिकवतो, की मुलाबद्दल चारचौघांत थोड्या खोट्यानाट्या गोष्टी सोडून दे, म्हणजे लोक आपणहून खरं काय ते बोलतील. पुढे तिसऱ्या अंकात तो मरतो, तोही पडद्याआड लपून दुसऱ्यांचं बोलणं ऐकताना. प्रामाणिकपणाच्या पानाला लाभलेला अध्यक्ष हा असा.

"पण मॅडम, वाक्य तर खरंच आहे ना?" संपादक मंडळातल्या एका मुलीनं विचारलं. प्रश्न रास्त होता. वाईट माणसाच्या तोंडून चांगलं वाक्य येऊ शकतं, किंबहुना उपदेश बहुतेक वेळा तिथूनच येतो. मी म्हटलं, वाक्य राहू दे, खाली नुसतं 'शेक्सपिअर' न छापता 'पोलोनियस, हॅम्लेट, अंक १' असं छाप. ज्यानं नाटक वाचलंय तो गालातल्या गालात हसेल, बाकीच्यांचं काही बिघडत नाही.

दुसरा चौकोन मार्क ट्वेनचा. 'सत्य बूट चढवत असतं तोवर असत्य जगाला फेरी मारून येतं.' हे ट्वेनच्या लेखनात सापडत नाही. १८५५ साली स्पर्जन नावाच्या इंग्लिश धर्मोपदेशकानं बुटांसकट हेच वाक्य प्रवचनात वापरलं आणि प्रामाणिकपणे सांगितलं, की ही जुनी म्हण आहे. तेव्हा ट्वेन विशीतसुद्धा पोचला नव्हता. त्याच्याही आधी, १७१० मध्ये, जोनाथन स्विफ्टनं लिहून ठेवलं होतं, की असत्य उडत येतं आणि सत्य त्याच्यामागून लंगडत. म्हणजे असत्याच्या वेगाबद्दलचं वाक्यच खोटं नाव लावून जगभर फिरतंय. मुलांना ही गंमत इतकी आवडली, की सुविचारापेक्षा त्याची ही कुळकथाच छापू या, असा ठराव जवळजवळ झाला होता.

असं बेवारस वाक्य ओळखायचं कसं, हे त्यांनी मला विचारलं. पक्की खूण एकच सांगता येते. खाली माणसाचं नाव असतं, पण पुस्तकाचं, पत्राचं किंवा भाषणाचं नसतं. शंभर ठिकाणी तेच वाक्य सापडतं आणि शंभरही ठिकाणी नुसतं नाव. मग जरा शोधलं की तेच वाक्य आणखी दोघांच्या नावावर निघतं. विवेकानंद, बुद्ध, आइनस्टाइन, कलाम ही नावं तर खुंटीसारखी झाली आहेत. ज्याला जे टांगायचं ते टांगावं.

ट्वेनला काढून टाकायची मात्र गरज नव्हती, कारण धैर्यावरचं त्याचं खरंखुरं वाक्य आहे. 'धैर्य म्हणजे भीतीला विरोध, भीतीवर ताबा; भीतीचा अभाव नव्हे.' १८९४ च्या 'पुडनहेड विल्सन' या कादंबरीतलं, बाराव्या प्रकरणाच्या माथ्यावरचं. इथेही लोक पहिलं वाक्य उचलतात आणि पळतात. ट्वेन पुढे म्हणतो, जो प्राणी थोडासा भित्रा नाही त्याला शूर म्हणण्यात कसलं आलंय कौतुक? पिसू बघा. भीती ठाऊक नसणं हेच धैर्य असेल, तर देवाच्या सृष्टीत पिसवेइतकं शूर कुणी नाही. तुम्ही झोपलेले असा की जागे, ती हल्ला करतेच. तुमचं आकारमान, तुमची ताकद यांची तिला पर्वा नसते. म्हणून ज्या सेनापतींना 'भीती म्हणजे काय ते माहीत नव्हतं' असं आपण म्हणतो, त्यांच्या मिरवणुकीत पिसवेला सगळ्यात पुढे ठेवावं. परीक्षेच्या आदल्या रात्री पोटात गोळा आलेल्या मुलांना ही पिसू पटकन कळली. पहिलं वाक्य एकटं असतं तर त्यांनी मान डोलावून पान उलटलं असतं.

मराठी चौकोनांत वेगळाच घोळ होता. 'मोडेन पण वाकणार नाही' याच्या शेजारीच 'महापुरे झाडे जाती, तेथे लव्हाळे वाचती'. एक म्हणतो वाकू नका, दुसरा म्हणतो वाकलात तरच वाचाल, आणि दोघेही धैर्याच्या रकान्यात मांडीला मांडी लावून बसलेले. लव्हाळ्याचा अभंग सुरू होतो 'लहानपण देगा देवा'नं. तो नम्रतेचा आहे, धैर्याचा नाही. नम्रतेचं पान नसल्यामुळे लव्हाळं गेलं.

तुकोबांना तिथून हलवलं तरी त्यांच्याशिवाय हे पान होणारच नव्हतं. 'सत्य असत्यासी मन केलें ग्वाही । मानियेलें नाहीं बहुमता ॥' खरं काय, खोटं काय याला साक्षीदार माझं मन. बहुमत मी मानलं नाही. मुलांना वाटलं होतं, हा एखाद्या वादातला जोरदार टोला असणार. मी त्यांना अख्खा अभंग वाचायला लावला. संतांनी विचारलंय, म्हणून तुकोबा आपली हकिकत सांगताहेत, तीही संकोचत: बोलू नये, पण तुमचा शब्द पाळतो. 'दुष्काळें आटिलें द्रव्यें नेला मान । स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली ॥' पैसा गेला, पत गेली, बायको उपाशी मेली, धंद्यात तूट आली, लाज वाटली. हे सगळं सांगून झाल्यावर ती ओळ येते. गमावण्यासारखं फारसं काही उरलेलं नसताना माणूस म्हणतोय, की निदान ही साक्ष मी विकली नाही. प्रामाणिकपणा आणि धैर्य यांचे दोन रकाने मुलांनी मोठ्या हौसेनं आखले होते. ही ओळ कुठल्या रकान्यात घालायची यावर त्यांचं एकमत होईना. शेवटी तिला मधली रेघ पुसून दोन्हींवर आडवी बसवली.

एक चौकोन उरला. तिथे कुणीतरी 'कर नाही त्याला डर कशाला' सुचवलं आणि लगेच प्रश्न आला, खाली नाव कुणाचं? कुणाचंच नाही, 'म्हण' एवढंच लिहा. पानाची मांडणी करणारा मुलगा कुरकुरला, की बाकी सगळ्यांखाली मोठमोठी नावं आणि इथे नुसतं 'म्हण', चौकोन रिकामा दिसेल. मी म्हटलं, मग टाइप मोठा कर.