पोटॅशियम ५.८, आणि पुढे एक प्रश्नचिन्ह

"ताई, डॉक्टर रिपोर्ट बघून व्हॉट्सॲपवर चारच शब्द पाठवतात आणि इकडे आमच्या पोटात गोळा येतो. त्यातून काय समजायचं, आणि उलट विचारायचं तरी काय?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. इंदुरात मी बरीच वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम केलं, त्यामुळे शेजारीपाजारी असे मेसेज घेऊन माझ्याकडे येतात. त्यातला लोकमान्य नगरातल्या एका काकूंचा मेसेज समजावून सांगण्यासारखा आहे. काकू सत्तरीच्या पुढच्या. ब्लडप्रेशरसाठी रोज टेल्मिसार्टन, गुडघे धरले की मेडिकलमधून आणलेली दुखण्याची गोळी. नेहमीची तपासणी झाली आणि दुपारी मुलाच्या फोनवर मेसेज आला: "K ५.८ ? हीमोलाइज्ड. आजच रिपीट. टेल्मिसार्टन होल्ड."

K म्हणजे पोटॅशियम, होल्ड म्हणजे तूर्त थांबवा. मुलानं इंटरनेटवर शोधलं तर पोटॅशियम वाढलं की हृदय थांबतं असं निघालं. ते खोटं नाही, पण या मेसेजात तेवढंच नाही.

मी आधी वेळ बघते. "आजच" लिहिलंय म्हणजे काम आजच करायचं, उद्या सकाळी उपाशीपोटी नाही. मग प्रश्नचिन्ह. डॉक्टर ते आपल्याला काही विचारायला टाकत नाहीत. त्यांना जी शंका आहे तिच्याआधी ते टाकायची त्यांची पद्धत आहे. इथे शंका "हीमोलाइज्ड"ची, म्हणजे रक्त घेताना तांबड्या पेशी फुटल्या असाव्यात. पोटॅशियम साधारण ३.५ ते ५ असतं, पण ते पेशीबाहेरच्या द्रवातलं. पेशींच्या आत ते वीसपटीहून जास्त असतं. बारीक सुई, सिरिंजचा दांडा जोरात ओढणं, ट्यूब खसखसा हलवणं, यांनी पेशी फुटतात आणि आतलं पोटॅशियम बाहेर येऊन आकडा फुगतो. अशा रक्ताचा सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वेगळा होणारा पिवळसर द्रव, गुलाबी किंवा लालसर दिसतो, आणि बहुतेक लॅब रिपोर्टच्या खाली तशी टीप देतात. ती टीप घरच्यांनाही वाचता येते.

पण शंका म्हणजे निकाल नव्हे. टेल्मिसार्टननं पोटॅशियम खरोखर वाढू शकतं, दुखण्याच्या गोळीनंही, आणि किडनी मंदावली असेल तर दोन्हींचा जोर वाढतो. म्हणून डॉक्टरांनी गोळी थांबवली आणि तपासणी आजच सांगितली. काकूंना काही त्रास नव्हता, पण त्यावर निश्चिंत राहता येत नाही. पोटॅशियम वाढलेलं असतानाही माणसाला पुष्कळदा काहीच जाणवत नाही.

मुलगा डॉक्टरांना लिहायला निघाला होता, "सर, घाबरण्यासारखं काही नाही ना?" मी त्याला थांबवलं. या प्रश्नाला "नाही" किंवा नुसता अंगठा येतो, आणि आपण होतो तिथेच राहतो. त्याऐवजी एकाच मेसेजात त्यानं हे लिहिलं: "सर, आई टेल्मिसार्टनसोबत गुडघ्यासाठी दुखण्याची गोळीही घेते, आठवड्यातून दोन-तीनदा. तीही थांबवू का? मीठ कमी सोडियमचं वापरतो, चालेल का? रिपीट त्याच लॅबमध्ये करू की ईसीजीची सोय असलेल्या हॉस्पिटलमध्ये? टेल्मिसार्टन परत केव्हा सुरू करायची? आणि कोणता त्रास झाला तर थेट इमर्जन्सीत न्यायचं?"

दुखण्याची गोळी डॉक्टरांना ठाऊकच नव्हती. मिठाचंही तसंच: कमी सोडियमच्या मिठात सोडियमच्या जागी बरंचसं पोटॅशियम क्लोराइड असतं. उत्तर लगेच आलं. दोन्ही बंद, नारळपाणीही नको, हॉस्पिटलमध्येच जा, ईसीजी आणि किडनीसाठी क्रिएटिनिनची तपासणी सोबत करा. अंगात एकदम अशक्तपणा, छातीत धडधड, भोवळ यांतलं काही झालं तर वाट बघायची नाही.

निघताना मी काकूंना सांगितलं, रक्त देताना मूठ उघडझाप करू नका. त्यानंही आकडा वाढतो, आणि मग सीरम लाल दिसत नाही, म्हणून ते कुणाच्या लक्षातही येत नाही. संध्याकाळी आकडा ४.७ आला, ईसीजी ठीक, क्रिएटिनिन ठीक. टेल्मिसार्टन दुसऱ्या दिवशी डॉक्टरांच्या सांगण्यावरून सुरू झाली. दुखण्याची गोळी मात्र बंदच राहिली.

दुसऱ्यांदाही ५.८ आलं असतं आणि सीरम स्वच्छ असता, तर मेसेजची देवाणघेवाण तिथेच थांबवून हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांना समोर दाखवायचं, हे मी मुलाला निघण्याआधीच सांगून ठेवलं होतं. "आजच" म्हटलेल्या बाबतीत डॉक्टरांचं उत्तर तासाभरात आलं नाही तरी तेच: दवाखान्यात फोन लावा, आणि फोन लागला नाही तर रिपोर्ट आणि चालू गोळ्यांच्या पट्ट्या घेऊन इमर्जन्सीत जा.