फीच्या हप्त्यांसाठी लिहिलेलं पत्र

जूनमध्ये माझे पती कामावर शिडीवरून पडले आणि मांडीचं हाड मोडलं. ते वायरिंगची कामं घेतात. काम केलं त्या दिवसाचे पैसे, नाही केलं तर नाहीत. ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी चार महिने पाय टेकवायचा नाही म्हणून सांगितलं, आणि मुलीच्या दुसऱ्या वर्षाची फी भरायची शेवटची तारीख होती ३१ जुलै. फीसाठी बाजूला ठेवलेल्या पैशातला निम्म्याहून जास्त भाग दवाखान्यात गेला होता.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात एका रात्री मी प्राचार्यांना पत्र लिहायला बसले. अडीच पानं झाली. अपघात कसा झाला, रात्री कोण धावून आलं, घरात कमावणारे किती, मुलगी किती हुशार आहे, सगळं त्यात होतं. शेवटी लिहिलं होतं, 'तरी कृपया सवलत द्यावी, आम्ही शक्य तितक्या लवकर फी भरू.'

दुसऱ्या दिवशी ते घेऊन फी विभागात गेले. तिथल्या मॅडमनी पत्र शांतपणे शेवटपर्यंत वाचलं. मग म्हणाल्या, "वाईट वाटलं हो. पण मला सांगा, यातला आकडा कुठला उचलू? आणि तारीख?" त्यांनी संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. मुलीच्या नावापुढे हप्त्यांची जागा होती आणि प्रत्येक हप्त्याला दोनच रकाने: रक्कम आणि देय दिनांक. "सर सही करतील, पण सही झाल्यावर मला इथे काहीतरी भरावं लागतं. 'शक्य तितक्या लवकर' इथे बसत नाही."

मला तेव्हा रडूच आलं. पण त्या बोलल्या ते अगदी खरं होतं. मंजुरी प्राचार्यांची असते, अंमल लेखा विभागाचा. पत्र दोघांच्या कामाचं असायला हवं.

घरी येऊन आधी हिशेब मांडला. माझा पगार ७ तारखेला होतो, कधी ८ उजाडते. म्हणून हप्त्याची तारीख १० धरली. महिन्याची १ तारीख लिहिली असती, तर प्रत्येक हप्ता चुकलाच असता. मग पगारातून औषधं आणि घरखर्च जाऊन काय उरतं ते पाहिलं. दर महिन्याला हप्ता देणं जमणार नव्हतं, दोन महिन्यांनी एक जमत होता. हातात होते त्यातून एकूण फीच्या ४० टक्के लगेच भरता येत होते. उरलेल्या ६० टक्क्यांचे तीन सारखे भाग केले: १० सप्टेंबर, १० नोव्हेंबर, १० जानेवारी. जानेवारीच्या हप्त्याला आधार होता एका आवर्ती ठेवीचा, ती डिसेंबरात पुरी होणार होती. पती ऑक्टोबरअखेर कामावर जातील असा डॉक्टरांचा अंदाज होता, पण त्यांची कमाई मी हिशेबात धरली नाही. ते लवकर उभे राहिले असते तर आधी भरता आलंच असतं. उशीर झाला असता तर मात्र शब्द मोडला असता.

मुलगी शेजारी बसून ऐकत होती. ती म्हणाली, "आई, बाबांचं सगळं लिहू नकोस ना. ऑफिसातले लोक वाचतात." तिचं म्हणणं मला पटलं. तेच पत्र टेबलावरून टेबलावर जाणार होतं. म्हणून कारण तीन वाक्यांत आटोपलं आणि बाकीचं कागदपत्रांवर सोपवलं. सगळ्यात उपयोगी पडलं ते डॉक्टरांचं प्रमाणपत्र, कारण त्यात अमुक तारखेपर्यंत काम करता येणार नाही असं स्पष्ट लिहिलेलं होतं. अडचण किती दिवसांची आहे हे त्यावरून कळत होतं. सोबत डिस्चार्ज कार्डाची आणि माझ्या पगारपत्रकाची प्रत जोडली.

पत्राचा मुख्य भाग असा होता. इथे टक्के लिहिते, पत्रात रकमा अंकी आणि अक्षरी दोन्ही होत्या.

'विषय: वार्षिक फी चार टप्प्यांत भरण्यास परवानगी मिळणेबाबत.

माझी मुलगी आपल्या महाविद्यालयात द्वितीय वर्षात शिकत आहे (हजेरी क्रमांक व प्रवेश क्रमांक वर नमूद केला आहे). तिच्या वडिलांना जूनमध्ये अपघात झाला असून ते सध्या काम करू शकत नाहीत. सध्या घरखर्च माझ्या एकटीच्या पगारावर चालतो. वैद्यकीय प्रमाणपत्र सोबत जोडले आहे.

एकूण फीपैकी ४० टक्के रक्कम मी परवानगी मिळताच भरत आहे. उर्वरित रक्कम १० सप्टेंबर, १० नोव्हेंबर व १० जानेवारी रोजी प्रत्येकी २० टक्के याप्रमाणे भरेन. या तारखा पाळल्यास विलंब शुल्क आकारले जाऊ नये, ही विनंती.'

खाली सही, फोन नंबर आणि जोडलेल्या कागदांची यादी. एक पान पुरलं.

दोन प्रती नेल्या. एक आवक खिडकीवर दिली, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतला. पाच दिवसांनी फोन आला. प्राचार्यांनी पत्राच्या समासात शेरा मारला होता: 'हप्त्यांस मंजुरी. लेखा विभागाने कार्यवाही करावी.' त्या शेऱ्यासकट झेरॉक्स मी मागून घेतली. त्याच दिवशी ४० टक्के भरले.

ती झेरॉक्स दोनदा कामाला आली. सप्टेंबरचा हप्ता भरायला गेले तर संगणकाने विलंब शुल्क आपोआप लावलेलं, कारण त्याच्या लेखी शेवटची तारीख ३१ जुलैच होती. पत्रातलं दंडाचं वाक्य आणि शेरा दाखवल्यावर मॅडमनी ते तिथेच काढलं. पावतीवर बाकी रक्कम लिहूनही दिली.

दुसऱ्या वेळेला मात्र माझी चूक नडली. ऑक्टोबरमध्ये मुलीचा दुपारी फोन आला, परीक्षेचा अर्ज स्वीकारला जात नाहीये, फी थकीत दिसतेय. अर्जाची मुदत संपायला दोन दिवस होते आणि माझा पुढचा हप्ता १० नोव्हेंबरला. हप्ते वेळेवर चालू असताना परीक्षेचा अर्ज अडवू नये, हे मी पत्रात मागितलंच नव्हतं आणि मंजुरीत ते कुठेही नव्हतं. पहिल्याच पत्रात एक ओळ वाढवली असती, तर पोरीचा तो दिवस वाचला असता. त्या फोनवरचा तिचा आवाज अजून आठवतो.

अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेले. जुन्या पत्राचा आवक क्रमांक देऊन चार ओळींचं नवं पत्र तिथेच लिहिलं, दोन पावत्या जोडल्या. प्राचार्य भेटले. त्यांनी आधी पावत्यांवरच्या तारखा पाहिल्या. सप्टेंबरची पावती ९ तारखेची होती. 'परीक्षा अर्ज स्वीकारावा' असं लिहून सही केली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अर्ज भरला गेला.

पती डिसेंबरात हलक्या कामावर जाऊ लागले. जानेवारीचा हप्ता ठेवीतून भरला, बाकी शून्य लिहिलेली पावती घेतली आणि संगणकातली नोंदही माझ्यासमोर बंद करून घेतली. चारही पावत्या, दोन्ही पत्रं आणि त्यांवरचे शेरे मुलीच्या प्रवेशाच्या फाइलमध्ये लावून ठेवलेत.