सक्शन पडलं म्हणजे गॅसच कमी, असं नसतं: मालवणातला माझा अनुभव

1 ऑगस्टला मासेमारी बंदी उठली की आमच्याकडे फ्रीजरचे फोन सुरू होतात. मालवणातल्या एका काकांकडे एकाच दिवशी दोन मशीन बघितली, एक सुरमई-पापलेट ठेवायचा डीप फ्रीजर, कॅपिलरीवाला, आणि दुसरी मागची छोटी कोल्ड रूम, एक्सपान्शन व्हॉल्ववाली. तक्रार दोन्हीची एकच, थंड होत नाही. काका म्हणाले, "गॅस कमी झालो असतलो, भरून टाक."

आधी फ्रीजर घेतला. 134a गॅस. चालू केल्यावर सक्शन 4 पीएसआयच्या आसपास, म्हणजे कॉइल उणे 20 ला, अगदी पाहिजे तसं. पण थोड्या वेळाने काटा हळूहळू खाली सरकत शून्याच्या खाली, व्हॅक्यूममध्ये गेला आणि कॉइलवर बर्फ फक्त कॅपिलरी जिथे उघडते तिथल्या वीतभर भागात राहिला, पुढची कॉइल ओली आणि कोमट. बर्फाचा हा नमुना गॅस कमी असला तरी असाच दिसतो, आणि इथेच लोक सिलिंडर लावून मोकळे होतात. पण गॅस कमी असता तर सक्शन सुरुवातीपासूनच कमी असतं, आधी बरोबर आणि मग पडलं असं झालं नसतं.

मी मशीन बंद करून दोन्ही काटे बघत बसलो. नुसता गॅस कमी असेल तर काही मिनिटांत दोन्ही प्रेशर एकमेकांजवळ येतात कारण नळी उघडीच असते, इथे मात्र सक्शनचा काटा जागचा हलेना. मग गरम पाण्यात पिळलेलं फडकं कॅपिलरीच्या तोंडाशी धरलं (तिथे टॉर्च अजिबात लावू नका), थोड्या वेळात सुस्स आवाज आला आणि काटा वर चढला. कचऱ्याचा चोक फडक्याने असा सुटत नाही. म्हणजे आत पाणी होतं, ते कॅपिलरीच्या तोंडाशी गोठून नळी बंद करत होतं. पावसात कुणीतरी हा फ्रीजर खोलून पाइप जोडला होता, ड्रायर जुनाच ठेवला होता, आणि 134a सोबतचं तेल आपल्या दमट हवेतून पाणी पटकन ओढतं. अशा चोकमध्ये गॅस भरत राहिलात तर सक्शन वर येत नाही, गॅस कंडेन्सरमध्ये साचतो आणि डिस्चार्ज मात्र चढत जातं. गॅस काढला, ड्रायर बदलला, नायट्रोजन फिरवला, व्हॅक्यूम 500 मायक्रॉनपर्यंत नेला, पंप बंद करून ते टिकतंय का बघितलं आणि प्लेटवर लिहिलेल्या वजनाएवढाच गॅस काट्यावर तोलून भरला.

आता कोल्ड रूम. इथे सगळं उलटं. R22 वर सक्शन 36-37 असायला हवं, म्हणजे कॉइल उणे 10 ला, पण दाखवत होतं 48, आणि बर्फ परतीच्या पाइपवरून थेट कॉम्प्रेसरच्या अंगापर्यंत आलेला. कॅपिलरीच्या मशीनमध्ये असा बर्फ दिसला असता तर पंखा चालू आहे ना एवढं बघून मी म्हटलं असतं गॅस जास्त झालाय. पण व्हॉल्व परतीच्या पाइपला बांधलेल्या बल्बने पाइपचं तापमान बघून स्वतः गॅस सोडतो, त्यामुळे गॅस जास्त भरला तर डिस्चार्ज चढतं, सक्शन तो बऱ्यापैकी धरून ठेवतो. इथे डिस्चार्ज ठीक होतं. पाइपला थर्मामीटर लावला, उणे 3. 48 पीएसआयला गॅस उकळतो उणे 4 ला, म्हणजे सुपरहीट जेमतेम 1 डिग्री, पाहिजे 5-6. द्रव तसाच कॉम्प्रेसरकडे येत होता.

बल्ब शोधला तर खाऱ्या वाऱ्याने लोखंडी पट्टी खाऊन टाकली होती आणि बल्ब पाइपपासून सुटून रूमच्या हवेत लोंबत होता. हवा पाइपपेक्षा गरम, म्हणून व्हॉल्वला वाटतंय अजून गॅस पाहिजे. व्हॉल्व स्वतः जिवंत आहे का हे बघायला काकांकडून मग्गाभर बर्फ घेतला, त्यात मूठभर मीठ घातलं आणि बल्ब त्यात बुडवला, सक्शन खाली आलं. बाहेर काढून मुठीत धरला तर परत वर. बल्बमधला गॅस गळलेला असता तर व्हॉल्व बंदच राहिला असता, सक्शन व्हॅक्यूमकडे गेलं असतं आणि मुठीने काही फरक पडला नसता.

पाइप घासून चकचकीत केला, बल्ब तांब्याच्या पट्टीने वरच्या बाजूला बांधला (खाली नको, खालून तेल वाहतं), वरून इन्सुलेशन. सक्शन 38 वर आलं, सुपरहीट 5, आणि कॉम्प्रेसरवरचा बर्फ वितळून खाली पाणी झालं. व्हॉल्वचा स्क्रू मी फिरवला नाही आणि गॅसही काढला नाही. काकांनी विचारलं नवीन व्हॉल्व टाकायचा का, मी म्हटलं गरज नाही, पण दर पावसाळ्यानंतर ती पट्टी एकदा हलवून बघा.